मूल खोटं बोललं, घरातले पैसे घेतले: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मला एक गोष्ट दरवर्षी दिसते. अभ्यासाची तक्रार घेऊन येणारे पालक दारातूनच बोलायला लागतात. मुलानं पैसे घेतले म्हणून आलेले पालक मात्र आधी दार लावून घेतात, खुर्ची पुढे ओढतात आणि अगदी हळू आवाजात सुरुवात करतात. पुष्कळदा आदल्या रात्री घरात मारझोड झालेली असते आणि त्याचंही ओझं मनावर असतं. इथले प्रश्न अशाच पालकांचे आहेत. उत्तरं साधारण सहा ते अकरा वर्षांच्या, म्हणजे पहिली ते पाचवी-सहावीतल्या मुलांसाठी आहेत.

आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि तोंडावर खोटं बोलतो. त्याच्यात काही बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. या वयात खोटं बोलता येणं हा वाढीचाच एक भाग असतो. चार वर्षांचं मूल तोंडाला चॉकलेट लागलेलं असताना "मी नाही खाल्लं" म्हणतं. समोरच्याला काय दिसतंय, हे त्याच्या ध्यानात येत नाही. सात-आठ वर्षांचं मूल आधी तोंड पुसून येतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि व्हिक्टोरिया तलवार यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. त्यांचा नेहमीचा प्रयोग साधा आहे. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, "वळून बघू नकोस" सांगून मिनिटभर खोलीबाहेर जायचं आणि परत येऊन विचारायचं, "बघितलंस का?" बरीच मुलं वळून बघतात आणि त्यातली बरीच "नाही" म्हणतात. मग पुढचा प्रश्न येतो: "काय असेल बरं ते खेळणं?" लहान मूल खेळण्याचं नाव सांगून टाकतं. सात-आठ वर्षांचं मूल मुद्दाम चुकीचं उत्तर देतं किंवा "मला कसं माहीत असणार?" म्हणतं. आपल्याला काय माहीत आहे, समोरच्याला काय माहीत आहे आणि समोरच्याला आपल्याबद्दल काय वाटेल, हे तिन्ही धागे ते आता एकदम धरू शकतं. मैत्रिणीला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसायलाही हीच क्षमता लागते.

म्हणून सोडून द्यायचं, असं मी म्हणत नाही. पण तुमच्या मुलाच्या खोटेपणाचं मूळ वाईट स्वभावात शोधू नका. या वयातली बहुतेक खोटी ओरडा टाळण्यासाठी किंवा मित्रांत भाव खाण्यासाठी असतात, आणि त्यांतल्या पहिल्या प्रकारात आपला हात किती असतो ते पुढच्या उत्तरात सांगते.

त्याच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं तरी कसं?

वदवून घेऊ नका. माझ्या अनुभवात घरातली निम्मी खोटी आपल्या प्रश्नातून जन्माला येतात.

युनिट टेस्टची वही दप्तरात सापडली, तीस पैकी नऊ गुण, खाली सहीसाठी रिकामी जागा. आपल्याला सगळं कळलेलं आहे. तरी आपण मुलाला हाक मारतो आणि चेहरा शक्य तितका शांत ठेवून विचारतो, "काय रे, पेपर मिळाला का?" त्याच्यासमोर आता दोनच वाटा असतात. खरं बोललं तर ओरडा नक्की. "नाही" म्हटलं तर ओरडा टळण्याची थोडी तरी आशा. नऊ वर्षांचं मूल आशेच्या बाजूला जातं. मग आपण वही पुढे टाकतो, "मग हे काय आहे?" आता गुन्हे दोन झाले आणि दुसरा आपण घडवून आणला.

उत्तर माहीत असेल तर प्रश्न विचारायचा नाही, माहीत आहे ते सांगायचं. "पेपर बघितला. नऊ मिळालेत. तू दाखवला नाहीस, म्हणजे तुला भीती वाटली असणार. बस, कुठं अडलं ते बघू." एवढं बोललात की खोटं बोलायला जागाच उरत नाही. चोरीच्या बाबतीतही वाक्य याच घडणीचं: "आजीच्या पिशवीतून तू पैसे घेतलेस हे मला कळलंय. घेतलेस का, असं मी विचारणार नाही. परत कसे करायचे ते आपण ठरवू."

अनेक आईवडिलांना हे अपुरं वाटतं, कारण त्यांना कबुली हवी असते. पण कबुलीसाठी अर्धा तास चाललेल्या उलटतपासणीत मूल कबुली देत नाही, ते फक्त अधिक चांगलं खोटं बोलायला शिकतं. शपथा घालणं तर टाळाच. "आईची शपथ घे" म्हटल्यावर घाबरलेलं मूल ती खोटी घेतं आणि आई आजारी पडली की आपल्यामुळेच असं मनात धरून बसतं. एक सातवर्षांची मुलगी मला हे कुजबुजून सांगत होती, तेव्हा तिला शपथ घेऊन चार महिने झाले होते.

पण धाक नसेल तर मूल खरं कशाला बोलेल?

धाकानं मूल खरं बोलायला लागतं, ही आपली समजूत तपासून झालेली आहे. तलवार आणि ली यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांवर तो खेळण्याचा प्रयोग केला. एका शाळेत छडी, चापट, चिमटा रोजचा. दुसरीत रागावणं किंवा थोडा वेळ बाजूला बसवणं एवढंच. वळून बघण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच होता. मात्र छडीच्या शाळेतली वळून बघणारी जवळजवळ सगळी मुलं खोटं बोलली आणि पुढच्या प्रश्नांतही त्यांनी ते अधिक सफाईनं निभावलं. दुसऱ्या शाळेत हे प्रमाण अर्ध्याहून थोडंच जास्त होतं. ही मुलं आपल्या वयोगटापेक्षा लहान होती, हे खरं. पण २०१५ साली तलवार आणि सहकाऱ्यांनी चार ते आठ वर्षांच्या ३७२ मुलांवर काम केलं, त्यातही दिशा तीच निघाली. शिक्षा होईल असं सांगितलेली मुलं खरं बोलण्याची शक्यता कमी होती. "खरं सांगितलंस तर मला बरं वाटेल" किंवा "खरं सांगणं योग्य असतं" या साध्या वाक्यांचा उपयोग झाला, पण त्यांच्या जोडीला शिक्षेची धमकी आली की तो बराचसा मावळला.

आपण सगळे ज्या गोष्टीवर वाढलो, त्या 'लांडगा आला रे आला'बद्दलही सांगते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना ही गोष्ट सांगून मग तोच प्रयोग केला. खोटं बोलण्यात काही फरक पडला नाही. ज्या गोष्टीत मुलगा चूक कबूल करतो आणि वडील त्याच्या खरेपणावर खूश होतात, ती ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून तो शिक्षेचा केला, तेव्हा तो परिणाम गेला. खोटं बोलल्यावर काय वाईट होतं, ते मुलांना पाठ असतं. खरं बोलल्यावर पुढं काय होतं, हे त्यांना ठाऊक नसतं, आणि ते त्यांना घरातच दिसावं लागतं.

मग "खरं सांग, मी काही करणार नाही" असं म्हणू का?

पाळता येणार असेल तरच. हे वाक्य बोलून, कबुली मिळाल्यावर हात उचलला गेल्याच्या हकिकती मुलं मला वर्षानुवर्षं लक्षात ठेवून सांगतात. शिवाय "काही करणार नाही" हे खरंही नसतं, कारण पैसे परत करायला तर लावायचेच असतात. त्यापेक्षा नेमकं बोला: "खरं सांगितलंस तर मी ओरडणार नाही, मारणार नाही. जे घेतलंय ते परत करावं लागेल, त्यात मी तुझ्याबरोबर असेन."

आणि सांगितल्यावर, आतून कितीही उकळत असलात तरी, पहिलं वाक्य "सांगितलंस ते बरं केलंस" हेच असू द्या. राग फारच आला असेल तर स्वयंपाकघरात जा, पाणी प्या, "मी दहा मिनिटांत येते" एवढंच सांगा. बोलणं रात्री जेवणानंतर झालं तरी काही बिघडत नाही. या वयातल्या मुलाला दुपारचं प्रकरण रात्री चांगलं आठवतं.

पैसे घेतल्याचं कळल्यापासून शेवटपर्यंत नक्की काय करायचं? एखादं उदाहरण सांगाल?

एका घरातला प्रसंग सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून. मुलगा चौथीतला, नऊ वर्षांचा. आजीच्या कापडी पिशवीतली पाचशेची नोट गेली. घरातल्यांनी पहिली चौकशी केली ती भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडे. हे फार घरांत होतं. मुलगा सगळं ऐकत होता आणि गप्प होता. तिसऱ्या दिवशी आईला त्याच्या कंपासपेटीच्या खणाखाली दुमडलेल्या शंभराच्या दोन नोटा आणि दप्तरात क्रिकेटच्या कार्डांची पाकिटं सापडली.

आईनं मला फोन केला तेव्हा वडील घरी यायचे होते. आम्ही ठरवलं की प्रश्न विचारायचा नाही आणि बोलायचं दोघांनीच, आजी-काकांसमोर नाही. रात्री आईनं नोटा आणि पाकिटं गादीवर ठेवली आणि वर लिहिलेलंच वाक्य बोलली. मुलगा आधी म्हणाला, "मला सापडले." आईनं वाद घातला नाही. "मला वाटतं ते आजीचे आहेत. तुला बोलायला वेळ लागेल, मी बसते." सात-आठ मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग तो रडायला लागला आणि हिशेब सांगितला. कार्डांना १८० रुपये, मधल्या सुट्टीत सहा जणांना वडापाव १२० रुपये, उरलेले २००.

"का घेतलेस?" हा प्रश्न त्या रात्री त्यांनी विचारला नाही आणि तुम्हीही शक्यतो विचारू नका. मुलाला त्याचं उत्तर येत नाही आणि "का" हा शब्द त्याला आरोपासारखा ऐकू येतो. "कोणाकोणाला वडापाव दिलास? मग काय झालं?" असं विचारलं की गोष्ट उलगडते. इथंही तेच झालं. वर्गात कार्डांचा खेळ चालायचा, ज्याच्याकडे कार्डं तो गटात. याला दोन आठवडे कोणी खेळायला घेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर आजीकडे गेला. वाक्य आधी घरी ठरवलं होतं: "आजी, तुझे पाचशे रुपये मी घेतले. हे दोनशे. बाकीचे मी देणार आहे." माफी मागायला लावली नाही. घोकून घेतलेल्या "सॉरी"चा उपयोग बोलायला लावणाऱ्यालाच होतो. आजीला आधी सांगून ठेवलं होतं की "शाब्बास, असं सांगायला हिंमत लागते" एवढंच म्हणायचं. त्याच संध्याकाळी आईवडिलांनी मुलासमोर मावशींची माफी मागितली. ही पायरी आईवडिलांची आहे, मुलाची नाही. आरोप मोठ्यांनी केला होता.

आता परतफेड. न फोडलेलं ६० रुपयांचं एक पाकीट दुकानदारानं परत घेतलं, म्हणून २४० उरले. मुलाला आठवड्याला ३० रुपये खाऊचे मिळायचे. त्यातले २० द्यायचे ठरले. सगळेच काढून घेतले तर पुन्हा मोह वाढतो. उरलेल्यासाठी दर रविवारी आजीचं एक काम, त्याचे २० रुपये धरायचे: धान्य निवडायला मदत, औषधांच्या डब्या आठवड्याच्या वारांप्रमाणे लावून देणं. आठवड्याला ४० प्रमाणे सहा आठवडे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो स्वतः खूण करायचा. सहा आठवडे ही मला या वयासाठी जवळजवळ शेवटची मर्यादा वाटते. फेड चार महिने चालली तर मुलाला शेवट दिसत नाही आणि ते सोडून देतं. रक्कम फार मोठी असेल तर पूर्ण फेडीचा हट्ट धरू नका, पेलेल एवढा हिस्सा ठरवा.

मूळ प्रश्न मित्रांचा होता, म्हणून शनिवारी दुपारी दोन मुलांना घरी खेळायला बोलवायला सुरुवात झाली. आजीची पिशवी कपाटात गेली आणि मुलाला सांगितलं की आता सगळ्यांचेच पैसे कपाटात राहतील. मुद्दाम नोट टेबलावर ठेवून "बघू घेतो का" अशी परीक्षा घ्यायची कल्पना वडिलांच्या मनात आली होती, ती आम्ही सोडायला लावली. सापळा कळला की मूल दुखावतं, आणि ते बहुतेकदा कळतंच.

सगळं सुरळीत झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात घरी पाहुणे असताना वडील बोलून गेले, "पाकीट सांभाळा, आमच्याकडे चोर आहे." त्या रविवारी मुलानं आजीचं काम केलं नाही आणि पुढचे चार दिवस गृहपाठाबद्दल खोटं बोलला. वडिलांनी त्याला एकट्याला घेऊन "ते बोलणं चुकीचं होतं" असं सांगितलं, तेव्हा गाडी रुळावर आली. पाचव्या आठवड्यात बाबांच्या खिशातले वीस रुपये गेले. या वेळी अर्ध्या तासात तो स्वतः सांगायला आला. फेडीत एक रविवार वाढला, बाकी काही केलं नाही. पुन्हा घडलं म्हणजे सगळं फसलं, असं समजू नका. घटना आणि सांगणं यांतलं अंतर तीन दिवसांवरून अर्ध्या तासावर आलं, हे मी सुधारणेचं लक्षण मानते.

घेतलंय का नाही याची खात्रीच नसेल तर?

चेहऱ्यावरून ओळखता येतं, यावर विसंबू नका. मुलाचं खोटं ओळखण्यात मोठ्या माणसांचा अंदाज, अगदी शिक्षक-पोलिसांचाही, नाणं उडवून ठरवण्यापेक्षा किंचितच बरा ठरतो. लाजरं मूल खरं बोलतानाही नजर चुकवतं.

पैसे गेलेत आणि पुरावा काहीच नाही, तेव्हा कोणावरही बोट न ठेवता सगळ्यांना सांगा: "दोनशे रुपये हरवलेत. कोणाला सापडले तर देवापुढच्या वाटीत ठेवा, विचारणार नाही." बऱ्याच घरांत ते परत येतात.

वस्तूंचं वेगळं. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वारंवार वस्तू उचलणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसोबत काम केलं. त्यांची एक युक्ती मला फार उपयोगाची वाटते. चोरी सिद्ध करत बसायचं नाही. आपली नसलेली वस्तू मुलाजवळ दिसली एवढंच पुरे. "मित्रानं दिली", "रस्त्यात सापडली" यावर चर्चाच नाही. घरात नियम एवढाच की नवी वस्तू कुठून आली हे दाखवता आलं नाही तर ती परत जाते आणि एक छोटं जादा काम करावं लागतं. भाषण नाही, आरडाओरडा नाही, उद्या पुन्हा उकरून काढणं नाही. कधी तरी खरंच मित्रानं दिलेला खोडरबर परत जाईल. म्हणून नियम सुरू करताना मुलाला हे स्पष्ट सांगा, आणि आपली चूक झाली तर त्याला तसं म्हणा. हा नियम दिसणाऱ्या वस्तूंसाठी आहे. हरवलेल्या पैशांच्या नुसत्या संशयाला तो लावू नका.

दुसऱ्याची पेन्सिल, रबर, स्टिकर रोज घरी येतं. ही चोरीच का?

सहा-सात वर्षांच्या मुलाला "माझं" पक्कं कळतं. "तुझं, तू इथं नसतानाही तुझंच" हे अजून मुरायचं असतं. चोर हा शब्द न वापरता वस्तू दुसऱ्या दिवशी परत द्यायला लावा, पहिल्या दोन-तीन वेळा सोबत जा. वर्गासमोर नको, शाळा भरण्याआधी किंवा शिक्षकांच्या टेबलाशी.

शाळेत वर्गासमोर उभं करून "चोर" म्हटलं. आम्ही काय करावं?

आधी मुलाला सांगा की घेतलं ते चूक होतं आणि तसं उभं करणंही चूक होतं. दोन्ही वाक्यं बोलली गेली पाहिजेत. मग शिक्षकांना एकटं भेटा. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या कायद्यातलं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, हे मुख्याध्यापकांना माहीत असतं. तरी भांडणानं सुरुवात करू नका. वस्तू कधी आणि कशी परत येईल, ते ठरवूनच जा आणि पुढच्या वेळी थेट तुम्हाला कळवायची विनंती करा. हाक मारायचं नाव एकदा "चोर" पडलं की वर्गात काहीही हरवलं तरी नजरा त्याच बाकाकडे वळतात. म्हणून बाक बदलणं, वर्गातलं एखादं जबाबदारीचं काम देणं, या गोष्टी शिक्षकांकडे मागून घ्या.

मुलीनं माझ्या फोनवरून गेममध्ये दीड हजार खर्च केले. ती म्हणते, "मी पैसे घेतलेच नाहीत."

ती बहुधा खरं बोलते आहे. नोट हातात धरली नाही, कोणाची पिशवी उघडली नाही, फक्त बटण दाबलं. तिला खात्यातली नोंद दाखवा आणि तेवढ्यात घरातलं काय येतं ते ओळखीच्या भाषेत सांगा, इतक्या दिवसांचं दूध, महिन्याचा गॅस. परतावा मिळू शकतो का, ते ज्या दुकान-ॲपमधून खरेदी झाली तिथं त्याच दिवशी अर्ज करून बघा, उशीर झाला की शक्यता कमी होते. पिन बदला. मुलं तो आपल्या बोटांकडे बघून पाठ करतात. बाकीची फेड वरच्याच पद्धतीनं.

"माझ्या मामाकडे दोन घोडे आहेत" अशा थापांचं काय?

त्यांना शिक्षा तर नाहीच, उघडं पाडणंही नको. "तुला घोडा असावासा वाटतो ना?" एवढं पुरतं. थापा सतत एकाच विषयावर असतील, परदेशातले बाबा, मोठं घर, पुष्कळ मित्र, तर त्या विषयात मुलाला काही दुखतंय का ते बघा.

आणि आपणच फोनवर "घरी नाहीत म्हणून सांग" म्हणतो ते?

मुलाला ते दिसतं. बंद करणं जमेल तेवढं करा. निदान मुलाच्या तोंडून खोटं बोलवू नका.

मी आधीच खूप मारलंय. आता काय करू?

आजच सांगा: "मी मारलं ते चुकलं. पैसे घेणं चूक होतं, पण त्यासाठी मारायला नको होतं. पुढच्या वेळी आपण वेगळं करू." माफी मागितल्यानं पालकाचा मान जात नाही, उलट चूक कशी कबूल करतात हे मुलाला पहिल्यांदाच समोर दिसतं. चटके देणं, मिरचीची धुरी देणं, उपाशी ठेवणं, रात्री घराबाहेर काढणं हे प्रकार मात्र शिस्तीच्या नावाखाली झाकता येणार नाहीत. तो गुन्हा आहे. घरातलं दुसरं कोणी असं करत असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा.

सासूबाई, काका, शेजारी "दोन ठेवून दे, आत्ताच वळण लाव" म्हणतील. त्यांना मोहनदास गांधींची आठवण द्या. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा काढला, कर्ज फेडायला. मग राहवेना म्हणून चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हातात दिली आणि शिक्षाही मागितली. वडिलांनी अंथरुणात उठून बसून ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले. मारलं नाही, बोलले नाहीत. मुलाला ते आयुष्यभर आठवत राहिलं.

हे घरच्या घरी सुटणार नाही, हे कधी ओळखायचं?

वरच्या पद्धतीनं दोन-तीन महिने सातत्यानं करूनही घेणं वाढतच गेलं, किंवा त्याबरोबर मारामाऱ्या, मुक्या प्राण्यांना इजा, आग लावणं, घरातून पळून जाणं असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. विचार न करता हात जातो, नंतर मनापासून वाईट वाटतं आणि वर्गातही एका जागी बसवत नाही, अशा मुलात लक्ष आणि चंचलतेचा त्रास आहे का ते तपासून घ्यावं. उपचारांनी उचलणंही कमी होतं, असं मी अनेकदा पाहिलंय.

दोन गोष्टींत मात्र महिनाभरही थांबू नका. मूल अन्न चोरून लपवत असेल, तर त्याला पोटभर मिळतंय का, कोणी हिसकावतंय का, ते बघा. आणि पैसे नियमित, ठरावीक रकमेत, ठरावीक वारी जात असतील आणि मुलाकडे नवी वस्तू एकही दिसत नसेल, तर ते पैसे दुसरं कोणी तरी घेत आहे. मोठ्या वर्गातला मुलगा धमकावत असेल, रिक्षात किंवा शिकवणीच्या वाटेवर कोणी गुपित धरून मागत असेल, त्यामागे लैंगिक त्रासही असू शकतो. अशा मुलाला "पैसे कुठं गेले?" विचारू नका. "तुझ्याकडून कोणी काही मागतं का? तू सांगितलंस तर मी तुझ्या बाजूनं असेन," असं म्हणा आणि त्याच्याजवळ बसून राहा. कुठं जावं कळत नसेल तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही मुलांना तपासतात. जाताना तारखा, रकमा आणि त्या दिवशी आणखी काय घडलं होतं, याची एका वहीत नोंद घेऊन जा. डॉक्टरांना मुलाला विचारावे लागणारे निम्मे प्रश्न त्या वहीनं वाचतात.